शिफारसपत्र कोणाकडून घ्यायचे आणि त्यांच्या हाती काय द्यायचे

‘ही विद्यार्थिनी हुशार, मेहनती आणि शिस्तप्रिय आहे. माझ्या विषयात तिला उत्तम गुण मिळाले. तिच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

असे पत्र प्रवेश समितीच्या हाती पडले तर समितीला नवीन काय कळते? गुण चांगले आहेत हे गुणपत्रिकेत दिसतेच आहे, आणि उरलेली विशेषणे वर्गातल्या कोणालाही चिकटवता येतील. अमेरिकेत संशोधनाकडे झुकणाऱ्या विभागांतले प्राध्यापक अशा पत्रांना ‘डिड वेल इन क्लास’ छापाची पत्रे म्हणतात. त्यांनी अर्जाचे फारसे नुकसान होत नाही, पण मागितलेल्या तीन पत्रांपैकी एकाची जागा वाया जाते.

अशी पत्रे लिहिणारे सर किंवा मॅडम विद्यार्थ्याच्या वाईटावर नसतात. बहुतेक वेळा त्यांना लिहिण्यासारखे काही आठवत नाही, किंवा मुळात त्यांनी काही पाहिलेलेच नसते. पहिल्या अडचणीवर उपाय म्हणजे नीट माहिती पुरवणे, दुसरीवर उपाय म्हणजे माणूस बदलणे. दोन्ही गोष्टी अर्जदाराच्या हातात आहेत.

इथे मी मास्टर्सच्या अर्जाबद्दल बोलतो आहे, त्यातही तीन पत्रे मागणाऱ्या अभ्यासक्रमाबद्दल. अमेरिकेत हीच संख्या रूढ आहे. ब्रिटनमधल्या मास्टर्सना बहुधा दोन लागतात आणि जर्मनीतली कित्येक सरकारी विद्यापीठे एकही मागत नाहीत. आकडा, पत्र कोणाचे चालेल आणि ते कसे पाठवायचे, हे त्या त्या अभ्यासक्रमाच्या पानावर लिहिलेले असते. विद्यापीठाचे सर्वसाधारण पान बघून थांबू नका, विभागाचे पान उघडा. एकाच विद्यापीठातले दोन विभाग वेगवेगळे नियम लावतात.

कोण निवडायचे

शिफारस देणारा हा साक्षीदार असतो. त्याने जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच त्याच्या पत्रात जिवंत उतरते. म्हणून यादी करताना ‘यांचे पद किती मोठे’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘यांनी मला काम करताना कधी, कुठे आणि किती काळ पाहिले’ हे प्रत्येक नावापुढे लिहून काढा.

उदाहरण म्हणून एक विद्यार्थिनी घेऊ. यंत्र अभियांत्रिकीची पदवी, यंत्रांच्या कंपनांवरून बिघाड ओळखण्याच्या विषयात मास्टर्स करायचे आहे. तिच्या डोळ्यांसमोर पाच नावे आहेत: विभागप्रमुख, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे गाइड, दोन विषय आणि एक प्रयोगशाळा शिकवलेल्या मॅडम, इंटर्नशिपमधले वरिष्ठ अभियंता आणि घरच्या ओळखीतले एक नावाजलेले शास्त्रज्ञ.

शास्त्रज्ञांचे नाव पहिल्याच फेरीत गळते. त्यांनी तिचे काम पाहिलेले नाही. ‘मी या मुलीला लहानपणापासून ओळखतो’ हे वाक्य समितीच्या उपयोगाचे नाही, उलट कामाची पारख करणारे कोणी मिळाले नाही म्हणून ओळखीचे माणूस आणले की काय, अशी शंका येते. विभागप्रमुखांनी तिला एक विषय शिकवला, तोही मोठ्या वर्गात, आणि तिचे नाव त्यांना हजेरीपत्रकापुरते माहीत. इथे बरेच जण अडखळतात. पद मोठे, सहीखाली ‘प्राध्यापक व विभागप्रमुख’ लिहिलेले, म्हणून हेच पत्र वजनदार असे वाटते. पण वाचणारा दुसऱ्या देशात बसलेला आहे. त्याला त्या पदापेक्षा पत्रातला दुसरा परिच्छेद जास्त सांगतो, आणि विभागप्रमुखांकडे तो लिहायला काही नाही.

राहिले तिघे. गाइड सहायक प्राध्यापक आहेत, वयाने तरुण, पण आठ-नऊ महिने दर आठवड्याला त्यांनी तिचे काम पाहिले. संशोधन करता येते का, या प्रश्नाचे उत्तर फक्त तेच देऊ शकतात. मॅडमनी तिला दोन वेगवेगळ्या वर्षी शिकवले, त्यामुळे ती कशी वाढत गेली हे त्या सांगू शकतात, आणि त्यांनी इतक्या तुकड्या शिकवल्या आहेत की तुलना करायला त्यांच्याकडे माप आहे. अभियंत्याने आठ आठवडे तिला कारखान्यात, मुदतीच्या दडपणाखाली पाहिले. तिघांच्या पत्रांत तीन वेगळ्या बाजू येतील. हे महत्त्वाचे आहे, कारण तिन्ही पत्रे एकाच प्रकल्पाबद्दल बोलली तर समितीला तीन पत्रांत एकाच पत्राएवढी माहिती मिळते.

अर्ज पीएचडीसाठी असता तर अभियंत्याऐवजी संशोधन पाहिलेली दुसरी व्यक्ती शोधणे बरे. एमबीएसाठी चित्र उलटे होते. तिथे सध्याचे किंवा अलीकडचे वरिष्ठ हवे असतात आणि कॉलेजातले प्राध्यापक सहसा नकोच असतात. सध्याच्या वरिष्ठांना आपण अर्ज करतो आहोत हे कळू द्यायचे नसेल, तर आधीच्या नोकरीतले वरिष्ठ किंवा ज्यांच्या हाताखाली एखादा मोठा प्रकल्प केला ते सहकारी चालतात. अर्जात एका ओळीत कारण लिहायची सोय बहुधा असते.

आणखी एक गाळणी आहे, तिच्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. हा माणूस मुदतीत पत्र टाकेल का? अत्यंत प्रेमळ, पण ईमेलला महिन्याने उत्तर देणारे सर ही खरी अडचण आहे. तसे असेल तर त्यांना विचारा जरूर, पण चौथी व्यक्ती तयार ठेवा. काही अर्जांत तीनपेक्षा जास्त नावे भरता येतात.

विचारायचे कसे

पहिल्या मुदतीच्या साधारण आठ आठवडे आधी विचारा. अमेरिकेतल्या अनेक मास्टर्सच्या मुदती डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतात, म्हणजे विचारण्याची वेळ ऑक्टोबरमध्ये येते. ज्यांच्याकडे दहा-वीस विद्यार्थी येतात त्यांच्याकडे तर सप्टेंबरातच जावे.

शक्य असेल तर भेटून विचारावे, नाहीतर फोनवर, अगदीच इलाज नसेल तर ईमेलने. व्हॉट्सॲपवर ‘सर एलओआर हवे होते’ एवढाच निरोप टाकला, तर परत येणारे पत्रही तेवढ्याच लांबीच्या विचाराने लिहिलेले असते.

विचारताना एक शब्द फार काम करतो: ‘ठाम’. आपली विद्यार्थिनी गाइडना असे लिहील:

‘आदरणीय सर, मी पुढच्या वर्षी यंत्रांच्या स्थितीनिदानाच्या क्षेत्रात मास्टर्स करण्यासाठी सहा विद्यापीठांत अर्ज करणार आहे. संशोधनातले माझे काम तुम्ही सर्वांत जवळून पाहिले आहे. तुम्हाला माझ्याबद्दल ठाम आणि उदाहरणांसह शिफारस देता येईल असे वाटते का? वेळेची अडचण असेल किंवा दुसऱ्या कोणाचे पत्र माझ्या उपयोगाचे ठरेल असे वाटत असेल, तर तेही मोकळेपणाने सांगा. पहिली मुदत १ डिसेंबर आहे. तुमचा होकार असेल तर या आठवड्यात मी सगळी माहिती एकत्र करून पाठवते.’

यात सरांना माघार घ्यायला वाट ठेवली आहे, आणि ती मुद्दाम ठेवली आहे. ज्यांना ठाम लिहिता येणार नाही त्यांनी आत्ताच नाही म्हटलेले चांगले. सर म्हणाले, ‘हो, तुझा तो दुसऱ्या सहामाहीतला घोळ आणि तू तो कसा निस्तरलास ते मला लिहायचंच आहे,’ तर योग्य माणूस सापडला. ‘बघू, पाठव काहीतरी, सही करून देतो’ असे उत्तर आले, तर त्यांच्याकडे लिहिण्यासारखे काही नाही असे समजावे. अशा वेळी आभार मानून दुसऱ्या नावाकडे वळायला संकोच वाटतो, पण तो संकोच महागात पडतो.

किती विद्यापीठे आहेत हे पहिल्याच बोलण्यात सांगावे. सहा म्हणून होकार घेतला आणि नंतर चौदा लिंक पाठवल्या, असे करू नये. प्रत्येक विद्यापीठाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि त्यात प्रश्नही वेगळे असतात.

आठवणींचा कागद

होकार मिळाल्यावर आठवडाभरात एकाच ईमेलने माहिती पाठवायची. त्यातला बराच भाग सरळ आहे: रेझ्युमे, गुणपत्रिका, एसओपीचा म्हणजे पुढे काय आणि का शिकायचे हे सांगणाऱ्या तुमच्या निवेदनाचा कच्चा मसुदा, आणि विद्यापीठांची यादी, म्हणजे अभ्यासक्रमाचे नेमके नाव, मुदत आणि पत्र कसे जाणार ते. यादी मुदतीच्या क्रमाने लावा. एसओपी पूर्ण झालेली नसली तरी पाठवा. तुम्ही पुढे काय करू इच्छिता हे कळले की त्यांना कोणती आठवण कामाची ते ठरवता येते.

खरा फरक पाडणारा कागद वेगळा असतो. मी त्याला आठवणींचा कागद म्हणतो. प्रत्येक व्यक्तीसाठी तो स्वतंत्र, जास्तीत जास्त दीड पान. त्यात तीन-चार प्रसंग, आणि प्रत्येक प्रसंग त्या व्यक्तीने स्वतः पाहिलेला. अट कडक आहे. इंटर्नशिपमध्ये काय दिवे लावले ते गाइडच्या कागदात नको. ते त्यांनी पत्रात घातले तर ऐकीव माहिती होते आणि अनुभवी वाचकाला ती लगेच ओळखू येते.

प्रत्येक प्रसंगात चार गोष्टी याव्यात: परिस्थिती काय होती, मी काय केले, तुम्ही तेव्हा काय पाहिलेत किंवा म्हणालात, आणि पुढे काय झाले. विशेषणे लिहायची नाहीत, ती लिहिणाऱ्याने ठरवावीत. ‘मी चिकाटीने काम केले’ हे वाक्य तुमच्या कागदात आले की तसेच्या तसे पत्रात जाऊन बसते, आणि ते शिफारस देणाऱ्याचे मत राहत नाही.

आपल्या विद्यार्थिनीच्या प्रकल्पात बेअरिंगच्या कंपनांच्या नोंदींवरून बेअरिंग बिघडले आहे का, हे संगणकाने ओळखायचे होते. त्यासाठी नोंदींची, म्हणजे विदेची, दोन गटांत विभागणी करतात: एका गटावर संगणकातले मॉडेल शिकवायचे आणि त्याने न पाहिलेल्या दुसऱ्या गटावर ते तपासायचे. तिने गाइडसाठी लिहिलेला एक प्रसंग असा आहे:

‘जानेवारीत मॉडेलची अचूकता ९८ टक्के आली आणि आपण निबंध लिहायला घेऊ असे ठरले होते. मला आकडा फार चांगला वाटल्याने मी विदेची विभागणी पुन्हा तपासली. एकाच बेअरिंगच्या लांब नोंदीचे तुकडे शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या अशा दोन्ही गटांत गेले होते, त्यामुळे मॉडेल बिघाड ओळखण्याऐवजी बेअरिंगच ओळखत होते. बेअरिंगनुसार विभागणी केल्यावर अचूकता ८१ टक्क्यांवर आली. पुढच्या मंगळवारच्या बैठकीत मी दोन्ही आकडे तुमच्यासमोर ठेवले. तुम्ही तेव्हा सगळ्या गटाला आपापली विभागणी तपासायला सांगितलीत. मार्चअखेर वैशिष्ट्ये बदलून अचूकता ८६ टक्क्यांपर्यंत नेता आली.’

या प्रसंगात आकडा खाली गेला आहे, हे लक्षात घ्या. पुष्कळ विद्यार्थी असा प्रसंग लपवतात आणि ९८ टक्के तेवढे लिहितात. पण संशोधन करणाऱ्या वाचकाला ८१ हा आकडा जास्त बोलका वाटतो, कारण चांगला दिसणारा निकाल स्वतःहून मोडून पाहणारा विद्यार्थी त्याला हवा असतो. मोठे यश नसले तरी चालते. एखादा निर्णय, दुरुस्ती किंवा कोणी न विचारलेला प्रश्न यांतून माणूस जास्त दिसतो.

मॅडमसाठीच्या कागदात प्रकल्प येणार नाही. तिथे येईल ते दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेतले: प्रयोगाची नोंद सिद्धांताशी जुळत नव्हती, गटाने आकडे ‘जुळवून’ लिहायचे ठरवले होते, हिने संवेदकाचे प्रमाणीकरण पुन्हा करून पाहिले आणि त्यात चूक सापडली. शिवाय चौथ्या वर्षी मॅडमच्या ऐच्छिक विषयात तिने वर्गासमोर केलेली मांडणी, तिचा विषय, आणि त्यानंतर मॅडमनी विचारलेला प्रश्न. अभियंत्याच्या कागदात कारखान्यातला एक अहवाल, तो कोणी वापरला आणि त्याने काय बदलले ते.

जुने प्रसंग आठवायला वेळ लागतो. जुने ईमेल, प्रकल्पाची वही, फाइलींच्या तारखा, सरांनी अहवालाच्या कडेला लिहिलेले शेरे, यांतून बरेच निघते. शेरा जसाच्या तसा उद्धृत केला तर सरांना आपलाच आवाज ऐकू येतो आणि पुढची आठवण आपोआप सुचते. पदवी घेऊन तीन-चार वर्षे झाली असतील तर कागदाच्या वर कोणती तुकडी, कोणता विषय आणि प्रकल्पाचे शीर्षक दोन ओळींत लिहा. कित्येकदा चेहरा आठवतो, नाव आठवत नाही.

कागदाच्या शेवटी दोन-तीन ओळींत बाकीची पत्रे कोण लिहिते आहे ते सांगा: ‘मॅडम माझ्या अभ्यासाबद्दल आणि प्रयोगशाळेबद्दल लिहिणार आहेत, अभियंता औद्योगिक कामाबद्दल. प्रकल्पातले काम तुमच्याशिवाय कोणी पाहिलेले नाही.’ यापुढे जाऊन ‘अमुक गुणावर भर द्या’ असे सांगायची गरज पडत नाही.

गुणपत्रिकेत एखादी सहामाही घसरलेली असेल आणि त्याचे कारण त्या व्यक्तीला तेव्हाच माहीत होते, तर एका ओळीत आठवण करून द्या. त्यांना माहीत नव्हते, तर आता पत्रातून सांगायला लावू नका. ते एसओपीत किंवा अर्जातल्या पुरवणी जागेत तुम्ही स्वतः लिहावे.

तो कागद पत्रात कसा उतरतो

गाइडने मुळात लिहिले असते: ‘तिने प्रकल्पात उत्कृष्ट काम केले. ती प्रामाणिक असून तिला संशोधनाची आवड आहे.’ कागद वाचल्यावर त्यांना ती मंगळवारची बैठक आठवते, आणि पत्रात येते ते असे:

‘निबंध पाठवायच्या बेतात असताना तिने स्वतःहून विदेची विभागणी तपासली आणि आमची ९८ टक्के अचूकता फसवी असल्याचे दाखवून दिले. खरे सांगायचे तर ही चूक माझ्याही नजरेतून सुटली होती. गेल्या सहा वर्षांत मी सुमारे चाळीस विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना मार्गदर्शन केले. स्वतःच्या चांगल्या निकालावर इतक्या शांतपणे संशय घेणारे त्यांत दोघेच होते.’

शेवटची दोन वाक्ये विद्यार्थिनीच्या कागदात नव्हती आणि असूच शकत नव्हती. चूक आपल्याही नजरेतून सुटली हे सरच म्हणू शकतात, आणि चाळीसांतले दोन ही तुलनाही त्यांचीच. कागद घटना पुरवतो, निवाडा त्यांच्याकडून येतो. पत्राला वजन येते ते या दुसऱ्या भागामुळे.

तुलनेचा प्रश्न फॉर्ममध्येही येतो. पत्रासोबत अनेक विद्यापीठे एक तक्ता भरायला लावतात: विश्लेषणशक्ती, लेखन, स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता वगैरे, आणि प्रत्येकापुढे वरचे पाच टक्के, दहा टक्के, पंचवीस टक्के असे रकाने. कोणत्या गटाशी तुलना करता आहात हेही विचारतात. म्हणून कागदात वर्गाची संख्या आणि त्या विषयातला आपला क्रमांक, माहीत असेल तर, लिहून ठेवा. ‘सगळीकडे वरचा रकाना भरा सर’ अशी विनंती मात्र करू नका. तक्त्यात सगळे सर्वोत्तम आणि पत्रात साधे कौतुक, अशी जोडी आली की वाचणारा दोन्हींवरचा विश्वास काढून घेतो.

मुलींनी एका गोष्टीकडे जास्त लक्ष द्यावे. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकांच्या नेमणुकीसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रे तपासली आणि 2003 साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. स्त्रियांसाठीची पत्रे सरासरीने आखूड होती आणि त्यांत शंका उपस्थित करणारी वाक्ये जास्त आढळली. ती पत्रे नोकरीसाठीची होती, प्रवेशासाठीची नव्हेत, पण सवय तीच असण्याची शक्यता आहे. सरांना यावर व्याख्यान देण्यात अर्थ नाही. कागदात ‘मदत केली’, ‘सहभागी होते’ असे न लिहिता ‘मी रचना केली’, ‘मी चूक शोधली’, ‘निर्णय माझा होता’ असे, जिथे ते खरे आहे तिथे, स्पष्ट लिहावे. कष्टाळूपणाची आठवण सगळ्यांना पटकन येते, निर्णयाची करून द्यावी लागते.

‘तूच लिहून आण’

हे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते. सरांच्या दृष्टीने ती मदतच असते. त्यांना वेळ नाही आणि तुमचे काम अडू नये असे वाटते. पण यात तीन धोके आहेत. अनेक विद्यापीठे अर्जदाराने पत्राचा मसुदा लिहिण्याला स्पष्ट मनाई करतात, आणि पत्र आपण स्वतः लिहिले असे शिफारस देणाऱ्याकडून फॉर्ममध्ये कबूल करून घेतात. नियम मोडल्याचे उघड झाले तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. दुसरा धोका भाषेचा: तीन पत्रे आणि एसओपी एकाच हाताने लिहिली की वाक्यांची चाल, आवडते शब्द, अगदी स्वल्पविरामही सारखे पडतात. तिसरा वर आलाच आहे. विद्यार्थी स्वतःबद्दल ‘चाळीसांत दोघांपैकी एक’ असे लिहू शकत नाही, त्यामुळे स्वतः लिहिलेले पत्र दिसायला गुळगुळीत, पण आतून पोकळ राहते.

यावर उत्तर असे देता येते: ‘सर, विद्यापीठाच्या नियमानुसार मला मसुदा करता येत नाही. पण प्रसंग, तारखा आणि आकडे मी एका कागदावर क्रमाने लावून आणले आहेत. तुमचा अर्धा तास पुरेल.’ बहुतेकांना अडचण कोऱ्या पानाची असते, त्यामुळे एवढ्याने काम होते. वाटल्यास असेही सुचवा की सरांनी दहा मिनिटे बोलून आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि त्यांच्या कार्यालयातल्या कोणीतरी तो उतरवून काढावा. त्यांचे शब्द, त्यांचे मत, फक्त टंकलेखन दुसऱ्याचे. एवढे करूनही ‘तूच लिही’ हाच हट्ट असेल, तर राखून ठेवलेले चौथे नाव बाहेर काढा.

पोर्टल, लिंक आणि आठवण करून देणे

आता पत्र बहुतेक ठिकाणी ऑनलाइन जाते. अर्जात तुम्ही त्यांचे नाव, पद आणि ईमेल भरता, पोर्टल त्यांना लिंक पाठवते, ते फॉर्म भरून पत्राची पीडीएफ चढवतात. पत्र तुमच्या हातून जात नाही.

ईमेल संस्थेचा भरा. खासगी ईमेल काही विद्यापीठे स्वीकारत नाहीत, काही पडताळणी करतात. अभियंत्याने नोकरी बदलली असेल तर नवीन कंपनीचा पत्ता चालतो, पत्रात आधीच्या पदाचा उल्लेख असला की झाले. त्यांच्या नावाने आपणच ईमेल खाते उघडायचे आणि आपणच पत्र चढवायचे, हा प्रकार सरळ फसवणूक आहे.

लिंक कधी जाते ते पोर्टलनुसार बदलते. काही ठिकाणी नाव जतन केल्याबरोबर जाते, तर काही ठिकाणी तुम्ही अर्ज सादर केल्यावर. दुसऱ्या प्रकारात मुदतीच्या दिवशी अर्ज सादर केला तर सरांच्या हाती काही तासच उरतात, म्हणून तिथला अर्ज किमान तीन आठवडे आधी संपवा. सगळ्या लिंक शक्यतो एकाच आठवड्यात जाऊ द्या आणि त्याच दिवशी वेगळा ईमेल करा: ‘सर, आज सहापैकी चार लिंक आल्या असतील, नाहीतर स्पॅममध्ये बघा. उरलेल्या दोन शुक्रवारी येतील.’ आलेली लिंक हरवली की पत्र उशिरा पोहोचते.

अर्जात एक प्रश्न येतो: हे पत्र पुढे पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? अमेरिकेच्या 1974 च्या फेर्पा कायद्याने तिथे प्रत्यक्ष शिकायला लागलेल्या विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक नोंद पाहायचा हक्क मिळतो, आणि तो हक्क शिफारसपत्रापुरता सोडता येतो. सोडण्याची सक्ती विद्यापीठ करू शकत नाही. तरी सोडावाच, असे माझे मत. पत्र विद्यार्थ्याच्या नजरेखालून जाणार नाही हे माहीत असले की लिहिणारा मोकळेपणाने लिहितो आणि वाचणाराही त्यावर जास्त विसंबतो. ज्यांचे पत्र वाचल्याशिवाय आपल्याला झोप लागणार नाही, त्यांना मुळात विचारू नये.

पत्र एक ते दोन पानांचे, संस्थेच्या लेटरहेडवर, तारीख आणि सहीसह असावे, हे सरांना माहीत असते. एक बारीक गोष्ट मात्र सुचवून ठेवा. एकच पत्र सगळीकडे जाणार असेल तर मायन्यात विद्यापीठाचे नाव न घालता ‘प्रवेश समितीस’ असे लिहावे. एका विद्यापीठाच्या पत्रात दुसऱ्याचे नाव राहून जाण्याचा प्रकार फार जुना आहे.

आठवण दोनदा करावी: मुदतीच्या दोन आठवडे आधी आणि पुन्हा चार-पाच दिवस आधी. दोन्ही वेळा फक्त बाकी राहिलेल्या विद्यापीठांची नावे आणि तारखा लिहा. कोणाचे पत्र पोहोचले ते तुमच्या पोर्टलवर दिसते, त्यामुळे ‘सर, पाठवलंत का?’ असे विचारायची वेळ येऊ नये. शेवटच्या दोन दिवसांतही हालचाल नसेल तर फोन करा. तेवढ्यानेही झाले नाही, तर विभागाच्या प्रवेश कार्यालयाला लिहा. तुमचा अर्ज वेळेत आलेला असेल तर पत्रासाठी काही दिवस थांबणारे विभाग आहेत. सगळे थांबत नाहीत, म्हणून आधी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत चौथ्या व्यक्तीची लिंक पाठवून ठेवावी.

निकाल लागले की तिघांनाही कळवा, नकार आले असले तरी. आणि तो आठवणींचा कागद जपून ठेवा. प्रवेश मिळाल्यावर शिष्यवृत्तीसाठी किंवा तिथल्या प्रयोगशाळेतल्या कामासाठी हेच लोक पुन्हा लागतात, तेव्हा त्यात एक-दोन नवे प्रसंग जोडले की पुरते.